टेबल कॅलेंडरची मागची बाजू

श्रोतेहो, नमस्कार. वर्ष संपत आलं की छापखान्यात एक काम हमखास निघतं. ग्राहकांना भेट द्यायची स्वतःची टेबल कॅलेंडरं! दुसऱ्यांची कॅलेंडरं छापण्याच्या गडबडीत आपली मात्र शेवटी, उरल्यासुरल्या कागदावर उरकली जातात. आज त्यांच्याविषयीच बोलायचंय, आणि त्यातही त्यांच्या मागच्या बाजूविषयी.

वायरला अडकवलेली पानं आणि खाली तंबूसारखा पुठ्ठ्याचा स्टँड, हे आपल्या ओळखीचं रूप. टेबलाचा मालक तारखा बघतो. पण समोरच्या खुर्चीत येऊन बसणाऱ्या माणसाला काय दिसतं? बहुतेक वेळा कोरा पांढरा कागद. काम देणारी नवी माणसं त्याच खुर्चीत बसतात, आणि तीच जागा आपण रिकामी सोडतो.

बरं, ठरवलं की मागेही छापायचं. इथे एक चूक इतकी सहज होते की छापून होईपर्यंत कुणाच्या लक्षातच येत नाही. जानेवारीच्या पानामागे जानेवारीच छापला जातो. आता पान उलटून बघा. फेब्रुवारी लागला की मालक जानेवारीचं पान मागे टाकतो आणि त्या पानाची पाठ पाहुण्यासमोर येते. म्हणजे मालकाला फेब्रुवारी, पाहुण्याला जानेवारी. वर्षभर पाहुणा एक महिना मागेच!

म्हणून मांडणी एक घर सरकवायची. मुखपृष्ठाच्या मागे जानेवारी, जानेवारीमागे फेब्रुवारी, असं नोव्हेंबरमागे डिसेंबर. मुखपृष्ठ, बारा महिने आणि शेवटी पुढच्या वर्षाचा जानेवारी, अशी चौदा पानं होतात. डिसेंबरमागेही अर्थातच पुढचा जानेवारी. दोन्ही बाजूंचा माथा वायरकडेच ठेवायचा, नाहीतर पाहुण्याला सगळं उलटं दिसेल. सहा पानांत वर्ष बसवणारी कॅलेंडरं स्वस्त पडतात, पण त्यांत मागच्या बाजूला भलताच महिना येतो. आपल्या जाहिरातीसाठी ती नकोत.

आता नाव कुठे टाकायचं? माझं मत विचाराल तर पानावर नकोच. पान १४० मिलिमीटर उंच असेल, तर स्टँडची बाजू १६५ ठेवा. पानाखाली जवळपास इंचभर पट्टी उघडी राहते, आणि पानं कितीही उलटली तरी ती झाकली जात नाही. पुढच्या पट्टीवर नाव आणि फोन, मागच्या पट्टीवर नाव आणि आपण काय छापतो ते एका ओळीत. बस्स. तारखांच्या चौकटीत लोगो घुसवला की लिहायची जागा जाते, आणि लिहिता येत नाही ते कॅलेंडर टेबलावरून कपाटात जातं.

कागदाचंही तेच. चकचकीत आर्ट कार्डावर शाईचं पेन फिरवा आणि लगेच बोट लावा. फरफटलं ना? तारखांच्या बाजूला कोटिंग नसलेलाच कागद हवा. मग मागे, पाहुण्याकडे महिन्यासोबत चित्र असतं, त्या बाजूला तरी लॅमिनेशन करू, असं वाटतं. पण एकाच बाजूला फिल्म चढवली, तर दमट हवेत उघडी बाजू ओल धरते आणि पान फिल्मच्या बाजूला वळतं. पावसाळ्यात ते कॅलेंडर आपली जाहिरात नव्हे, बदनामी करतं. कारागिरी दाखवायची असेल तर चित्रावर थोडं फॉइल दाखवा. एम्बॉसिंग मात्र टाळा, कारण त्याचा उठाव दुसऱ्या बाजूला तारखांमध्ये खड्डा होऊन उतरतो.

छापण्याआधी एक कोरी डमी बांधून घ्या, खऱ्या कागदाची, खऱ्या पुठ्ठ्याची. सगळी पानं मागे टाका आणि पुढून पेनाने दाबून लिहा. वर्षअखेरीस सगळं वजन मागे गेलेलं असतं, त्यामुळे स्टँडचा तळ अरुंद असेल तर तो तेव्हाच कलंडतो. जानेवारीच्या स्थितीत तपासलं तर हे कळणारच नाही.

प्रूफ बघताना ओळी मोजा. २०२७चा जानेवारी शुक्रवारी सुरू होतो. आठवडा रविवारपासून मांडला तर त्याला सहा ओळी लागतात, मे महिन्याला आणि ऑक्टोबरलाही. मागच्या वर्षाचा पाच ओळींचा साचा तसाच वापरला तर २४ आणि ३१ एकाच घरात कोंबावे लागतात, आणि ३१ तारखेला काही लिहायचं म्हटलं तर जागाच उरत नाही.

आणि तो शेवटचा जादा जानेवारी कशासाठी? नवी कॅलेंडरं पोचायला उशीर होतोच. जुनं पुढे चालत असेल तर टेबलावरची जागा रिकामी होत नाही, आणि तिथे दुसऱ्या छापखान्याचं येऊन बसत नाही. नमस्कार.