गृहकर्ज दुसऱ्या बँकेत नेताना बरोबरीचा महिना कसा काढावा
(लातूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, आज आपण एकाच प्रश्नाचा विचार करणार आहोत. आपले गृहकर्ज जास्त दराच्या संस्थेतून कमी दराच्या बँकेत नेले, तर त्यासाठी झालेला खर्च व्याजाच्या बचतीतून नेमका कोणत्या महिन्यात भरून निघतो? त्या महिन्याला आपण बरोबरीचा महिना म्हणू. बॅलन्स ट्रान्सफरची जाहिरात आपल्याला हप्ता किती कमी होईल एवढेच सांगते, आणि हप्त्यातील घट व खरी बचत या दोन वेगळ्या गोष्टी असल्यामुळे बहुतेक घरांमध्ये हिशेबाची सुरुवातच चुकते.

आपण एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. औसा रोडला घर असलेल्या एका शिक्षकांचे कर्ज एका गृहवित्त कंपनीकडे आहे असे समजा. शिल्लक मुद्दल 24 लाख रुपये, उरलेली मुदत 15 वर्षे, व्याजदर 9.5 टक्के आणि मासिक हप्ता 25,061 रुपये आहे. एक बँक त्यांना 8.5 टक्क्यांनी कर्ज द्यायला तयार आहे. मुदत तीच ठेवली तर नवा हप्ता 23,634 रुपये होतो, म्हणजे दरमहा 1,427 रुपये कमी.

आधी खर्च पाहू. दोन्ही कर्जे बदलत्या व्याजदराची आहेत, आणि वैयक्तिक कर्जदाराने घेतलेल्या अशा गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड आकारण्यास रिझर्व्ह बँकेने 2012 मध्येच बँकांना मनाई केली आहे. गृहवित्त कंपन्यांनाही हे बंधन आहे. म्हणून जुन्या संस्थेकडे दंड नाही. आपले कर्ज स्थिर दराचे असेल तर मात्र मंजुरीपत्रातील अट वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नव्या बँकेकडचा खर्च असा धरू. प्रक्रिया शुल्क 0.35 टक्के म्हणजे 8,400 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, मिळून 9,912 रुपये. वकिलाचा शोध अहवाल आणि मूल्यांकन यांचे 7,500 रुपये. नव्या बँकेकडे घराची मूळ कागदपत्रे जमा होतात तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ते नवे गहाण असते, त्यामुळे पहिल्या कर्जाच्या वेळी भरलेले मुद्रांक शुल्क पुन्हा भरावे लागते. आपल्या उदाहरणात 0.3 टक्क्याने ते 7,200 रुपये होते. या गहाणाची सूचना, जिला नोटीस ऑफ इंटिमेशन म्हणतात, ती महाराष्ट्रात 30 दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते. तिचे आणि इतर किरकोळ कामांचे 1,500 रुपये धरू.

आणखी एक खर्च कोणत्याही पावतीवर छापलेला नसतो. नवी बँक जुन्या संस्थेच्या नावाने रक्कम काढते त्या दिवसापासून तिचे व्याज सुरू होते, परंतु ती रक्कम जुन्या खात्यात जमा होईपर्यंत जुने व्याजही चालूच राहते. धनादेश हातोहात लातूरच्या शाखेत आणि तेथून मुख्य कार्यालयात जाण्यात दहा दिवस गेले, तर 24 लाखांवर 8.5 टक्क्यांनी सुमारे 5,600 रुपये जादा जातात. रक्कम थेट आरटीजीएसने पाठवता येते का आणि फोरक्लोजर लेटरवरील, म्हणजे कर्ज पूर्ण फेडण्यासाठी किती भरायचे हे सांगणाऱ्या जुन्या संस्थेच्या पत्रावरील, रक्कम कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे, हे दोन प्रश्न आधी विचारले तर हा खर्च एक-दोन दिवसांवर येतो. आपण मात्र तो पूर्ण धरू. एकूण खर्च सुमारे 31,700 रुपये झाला.

आता बरोबरीचा महिना काढू. बहुतेक जण 31,700 ला हप्त्यातील घटीने, म्हणजे 1,427 ने भागतात आणि उत्तर 23 वा महिना असे काढतात. हे उत्तर चुकीचे आहे, कारण कमी दराच्या कर्जात हप्ता लहान असूनही मुद्दल जास्त फिटते. जुन्या कर्जाच्या पहिल्या हप्त्यात व्याज 19,000 आणि मुद्दल 6,061 रुपये. नव्या कर्जात व्याज 17,000 आणि मुद्दल 6,634 रुपये. म्हणजे खरी बचत हप्त्यातले 1,427 आणि मुद्दलातले 573 मिळून 2,000 रुपयांची आहे. 31,700 ला 2,000 ने भागले की 16 वा महिना येतो. पण हेही पूर्ण बरोबर नाही. मुद्दल घटत जाते तशी दरमहाची बचत थोडी थोडी कमी होते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे खर्चाचे 31,700 रुपये आज खिशातून जातात, तर बचत हळूहळू येते.

यावर मला सर्वांत प्रामाणिक वाटणारी रीत अशी. खर्चासाठी काढून ठेवलेले 31,700 रुपये कर्ज न हलवता जुन्याच कर्जात आज मुद्दल म्हणून भरले तर काय होईल, याच्याशी तुलना करायची. मग एका बाजूला 23,68,300 रुपयांचे कर्ज 9.5 टक्क्यांनी राहते, दुसऱ्या बाजूला 24,00,000 रुपयांचे कर्ज 8.5 टक्क्यांनी. दोन्हीकडे हप्ता तोच, 25,061 रुपये, भरायचा. ज्या महिन्यात नव्या कर्जाची शिल्लक जुन्याच्या शिलकीपेक्षा कमी होते, तो बरोबरीचा महिना. फळ्यावर लिहिलेली ही दोन सूत्रे मोबाइलमधल्या कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये चालतात. 18 च्या जागी महिन्यांची संख्या बदलत जायची.

```
=FV(9.5%/12, 18, 25061, -2368300)
=FV(8.5%/12, 18, 25061, -2400000)
```

सतराव्या महिन्याअखेर जुन्या कर्जाची शिल्लक सुमारे 22,53,900 आणि नव्याची 22,54,900 दिसते. म्हणजे कर्ज हलवणारा अजून हजारभर रुपयांनी मागे आहे. अठराव्या महिन्याअखेर जुनी शिल्लक 22,46,700 आणि नवी 22,45,800. बरोबरीचा महिना अठरावा. दीड वर्षाच्या आत घर विकण्याचा, किंवा निवृत्तीच्या रकमेतून कर्ज फेडून टाकण्याचा बेत नसेल, तर इथवर हलवणे फायद्याचे दिसते.

परंतु इथवर आपण अजून एक तुलना केलेली नाही, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. शिक्षकांसमोर 9.5 टक्के आणि 8.5 टक्के एवढे दोनच पर्याय नाहीत. जुन्या संस्थेकडे लेखी अर्ज करून, ठरलेले रूपांतर शुल्क भरून, दर कमी करून घेता येतो, आणि फोरक्लोजर लेटर मागितले की हा प्रस्ताव बऱ्याचदा तिच्याकडूनच पुढे येतो. समजा, संस्थेने शिलकीच्या अर्धा टक्का शुल्क घेऊन दर 8.75 टक्के करण्याची तयारी दाखवली. जीएसटीसह हा खर्च 14,160 रुपये. नवा वकील नको, नवे मूल्यांकन नको, मुद्रांक शुल्क नको, आणि दहा दिवसांचे दुहेरी व्याजही नाही.

आता खरी तुलना 8.75 आणि 8.5 यांच्यात आहे. दर पाव टक्क्याने कमी, पहिल्या महिन्याची बचत 500 रुपये, आणि त्यासाठीचा जादा खर्च 31,700 वजा 14,160, म्हणजे 17,540 रुपये. साधा भागाकार 35 महिने सांगतो. मघाच्याच रीतीने, एका बाजूला 23,82,460 रुपये 8.75 टक्क्यांनी आणि दुसऱ्या बाजूला 24 लाख 8.5 टक्क्यांनी ठेवून पाहिले, तर बरोबरीचा महिना 45 वा येतो. पहिल्या उदाहरणात साधा भागाकार दोनच महिन्यांनी चुकला होता, इथे दहा महिन्यांनी चुकला. दरातील फरक जितका लहान, तितकी त्या भागाकाराची फसगत मोठी. तेच कर्ज, तीच बँक, पण कशाशी तुलना करायची हे बदलताच दीड वर्षाचे पावणेचार वर्षे झाले.

पावणेचार वर्षे पाव टक्क्याचा फरक टिकेल का, हे मग विचारावे लागते. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांना नवी बदलत्या दराची गृहकर्जे रिझर्व्ह बँक ठरवते त्या रेपो दरासारख्या बाह्य दराशी जोडावी लागतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर सुधारावा लागतो. 2025 मध्ये रेपो दर 6.5 वरून 5.25 टक्क्यांवर आला, तेव्हा अशा कर्जांचे दर त्यामागोमाग उतरले. गृहवित्त कंपन्यांना ही सक्ती नाही; त्या स्वतःचा मूळ दर स्वतः ठरवतात. म्हणून आज जुन्या संस्थेने दिलेले 8.75 टक्के पुढे रेपो उतरला तरी तिथेच अडकून राहू शकतात, आणि दोन वर्षांनी पुन्हा शुल्क भरून तोच अर्ज करावा लागतो. मागच्या दोन-तीन वर्षांत रेपो बदलल्यावर आपला दर किती आणि किती दिवसांनी बदलला, हे आपल्या खातेउताऱ्यावर तपासा. तो वेळेवर बदलला नसेल तर 45 व्या महिन्याचे उत्तर असूनही मी हलवण्याच्या बाजूने मत देईन. बाह्य दराशी जोडलेल्या एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जायचे असेल, तर पाव टक्क्यासाठी मी हलणार नाही.

दोन गोष्टी हा सारा हिशेब उलटवतात. पहिली, मुदत. नवी बँक पुन्हा 20 वर्षांची मुदत देऊ करते, हप्ता 20,828 रुपयांवर येतो आणि घरात सर्वांना हायसे वाटते. पण 240 हप्त्यांचे एकूण जवळपास 49,98,700 रुपये होतात, तर जुन्या महागड्या कर्जाचे उरलेले 180 हप्ते 45,11,000 रुपयांचेच होते. दर एक टक्क्याने कमी करून पावणेपाच लाखांहून जास्त रक्कम जादा जाते. म्हणून मंजुरीपत्रावर मुदत 180 महिने लिहून घ्या, आणि झेपत असेल तर जुनाच हप्ता चालू ठेवा. दुसरी गोष्ट, कर्जासोबत पुढे केलेला एकरकमी विमा. त्याचा हप्ता कर्जातच मिळवला जातो. 60,000 रुपयांचा विमा मिळवला की आपला 31,700 चा खर्च जवळजवळ तिप्पट होतो. विमा हवा असेल तर तो वेगळा घ्या. कर्जासाठी त्याच बँकेचा विमा घेण्याची सक्ती तिला करता येत नाही.

आता कागदांविषयी, कारण आपल्या मराठवाड्यात पुष्कळ प्रकरणे हिशेबात नव्हे, इथे अडतात. छत्रपती संभाजीनगरमध्ये आणि इतर शहरांच्या कडेला अनेक घरे गुंठेवारीच्या भूखंडांवर आहेत. 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमितीकरणाचे प्रमाणपत्र नसेल, तर गृहवित्त कंपनीने कर्ज दिलेल्या घरावर बँक ते नाकारू शकते, आणि तोपर्यंत वकील व मूल्यांकनाचे पैसे गेलेले असतात. ते परत मिळत नाहीत. सिडकोच्या भाडेपट्ट्यावरील घरांना नव्या गहाणासाठी ना-हरकत पत्र लागते, त्याचा खर्च आणि वेळ दोन्ही धरावे लागतात. त्यामुळे प्रक्रिया शुल्क भरण्याआधी जुन्या संस्थेकडून जमा कागदपत्रांची यादी मागून घ्या, ती नव्या बँकेच्या पॅनेलवरील वकिलांना दाखवा, आणि या यादीवर कर्ज होईल का एवढे तोंडी विचारा. उत्तर होकारार्थी आले की मग जुन्या संस्थेकडे दर कमी करण्याचा अर्ज द्या, तिचा आकडा लेखी हातात आल्यावर वरची दोन सूत्रे भरा, आणि कर्ज हलवायचे ठरले तर जुने खाते बंद झाल्यापासून 30 दिवसांत मूळ कागद सुटले आहेत याकडे लक्ष ठेवा. 1 डिसेंबर 2023 पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे, संस्थेच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते.