दोन शर्यतींच्या मधलं चॉकलेट दूध

नमस्कार श्रोतेहो. व्यायाम झाल्यावर काय प्यावं, दुकानातली प्रोटीनची पावडर, रिकव्हरी ड्रिंक की साधं चॉकलेट दूध? क्लबात खेळणाऱ्यांच्या गप्पांमध्ये हा प्रश्न हमखास निघतो. उत्तर द्यायला मला आमच्या इंजिनीअरची गोष्ट सांगावीच लागते, आणि खरं सांगायचं तर ती सांगायला मिळावी म्हणूनच मी हा विषय घेतला.

इंजिनीअर म्हणजे आमच्या सायकल क्लबातला एक मित्र. इंजिनीअर तो नाही, पण सगळं मोजून करतो म्हणून हे नाव पडलं. वजन अडुसष्ट किलो. एका रविवारी सकाळी साठ किलोमीटरची शर्यत होती आणि दुपारी तीनला आठ किलोमीटरचा चढ, घड्याळाविरुद्ध. साडेनऊला पहिली शर्यत संपवून हा सावलीत बसला, शेकर काढला, पाण्यात व्हे पावडर टाकली आणि खडखड सुरू केली. त्या शेकरमधल्या तारेच्या गोळ्याचा आवाज मला अजिबात सहन होत नाही, आणि ज्यांना सहन होतो त्यांच्याशी माझं फारसं जमत नाही. असो. पावडर पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "झाली रिकव्हरी." पोट भरल्यासारखं वाटत होतं, म्हणून जेवलाही नाही. शेजारीच आमचे अठ्ठावन्न वर्षांचे काका बसले होते. त्यांनी अर्धा लिटर चॉकलेट दूध प्यायलं, चार ब्रेड खाल्ले आणि टोपी तोंडावर घेऊन झोपले.

दुपारी चढावर तिसऱ्या किलोमीटरला इंजिनीअरच्या पायातलं सगळं संपलं. दम लागला नव्हता, पाय दुखत नव्हते, पण पॅडल खाली जाईना. एरवी सव्वीस मिनिटांत चढणारा माणूस एकतीस मिनिटांनी वर आला, आणि काका वाटेत त्याला "येतोस ना रे?" असं विचारून पुढे गेले होते.

संध्याकाळी आम्ही पावडरीचा डबा उलटा करून मागचं लेबल वाचलं. एका स्कूपमध्ये चोवीस ग्रॅम प्रथिनं, आणि कर्बोदकं? दोन ग्रॅम. म्हणजे स्नायू दुरुस्त करायला माल भरपूर, पण स्नायूंतला जाळायचा साठा, ज्याला ग्लायकोजेन म्हणतात, तो भरायला काहीच नाही. सकाळी त्याने नेमका तोच साठा रिकामा केला होता. पुढची मेहनत काही तासांतच असेल, तर पहिले तीन-चार तास दर तासाला वजनाच्या किलोमागे साधारण एक ग्रॅम कर्बोदकं लागतात. अडुसष्ट किलोच्या माणसाला तासाला जवळजवळ सत्तर ग्रॅम. त्याने घेतले दोन.

आता अर्धा लिटर चॉकलेट दूध बघा. प्रथिनं सोळा-सतरा ग्रॅम, साखर पन्नास ग्रॅमच्या आसपास, त्यातली निम्मी दुधाचीच. एका वेळची प्रथिनांची गरज किलोमागे पाव ते एक तृतीयांश ग्रॅम, म्हणजे ह्याला वीसेक ग्रॅम. दुधाने दोन्ही आकडे पूर्ण होत नाहीत, पण दोन्हींच्या जवळ जातं, आणि उरलेलं काकांच्या ब्रेडने भरतं. पुन्हा सांगतो, पावडर प्रथिनं देते, दूध प्रथिनं आणि साखर दोन्ही देतं.

गोष्ट इथे संपत नाही. इंजिनीअरला एकदा पटलं की तो टोकाला जातो. पुढच्या स्पर्धेला त्याने घरी चॉकलेट दूध करून बाटलीत भरलं, पहाटे पाचला पिशवीत टाकलं आणि पिशवी गाडीच्या काचेखाली उन्हात ठेवली. दहा वाजता त्याने झाकण फिरवलं आणि ते फट्‌ करून उडालं. आंबट दूध त्याच्या बुटांवर, माझ्या नंबरच्या कागदावर आणि काकांच्या टोपीवर. काका एवढंच म्हणाले, "पावडर बरी होती."

तिसऱ्या वेळी मात्र त्याने नीट केलं. अर्धा लिटर दूध, दोन चमचे कोको, पाच सपाट चमचे साखर. कोको आणि साखर आधी थोड्या कोमट दुधात कालवून घेतली, नाहीतर कोकोच्या गुठळ्या तरंगतात. मग थर्मासमध्ये बर्फासारखं गार. शर्यत संपल्यावर अर्ध्या तासात ते प्यायला, वर दोन केळी खाल्ली आणि तासाभराने जेवला. दुपारी चढ पुन्हा सव्वीस मिनिटांत. अर्थात त्या दिवशी ढग होते, आणि केळ्यांचं श्रेय दुधाला देणं बरोबर नाही.

संशोधनाचंही असंच आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात नऊ सायकलपटूंवर एक प्रयोग झाला. त्यांना दमवून चार तासांची विश्रांती दिली आणि पुन्हा सायकलवर बसवलं. चॉकलेट दूध प्यायलेले, साधं स्पोर्ट्स ड्रिंक प्यायलेल्यांइतकंच टिकले. महागडं कार्बोहायड्रेट रिकव्हरी ड्रिंक मात्र मागे पडलं. बातम्यांमध्ये दुधाचा विजय झाला. पण खेळाडू नऊच होते, आणि पैसा काही प्रमाणात दूध व्यवसायाच्या संस्थेचा होता. म्हणून मी एवढंच म्हणतो, दूध कुणापेक्षा कमी नाही.

पाण्याबद्दल एक. शर्यतीच्या आधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी झालं असेल तर पुढच्या काही तासांत साधारण दीड लिटर द्रव जायला हवा, कारण प्यायलेल्यातलं बरंचसं लघवीवाटे निघून जातं. दूध इथे चांगलं धरून ठेवतं, त्यात सोडियम, पोटॅशियम आणि प्रथिनं असल्यामुळे. लोक सायकलीचे चाळीस ग्रॅम वाचवायला वेडे होतात आणि घामाचा किलो मोजत नाहीत, हे मला कधी कळलं नाही. पण मेहनत चालू असताना दूध नको, ते पोटात जड बसतं. तेव्हा स्पोर्ट्स ड्रिंकच ठीक.

आणि बाटलीवर "चॉकलेट" लिहिलंय म्हणून आत दूध असेलच असं नाही. घटकांत पहिलं नाव पाण्याचं आणि शंभर मिलीला प्रथिनं एक ग्रॅम, तर ते गोड सरबत आहे. शंभर मिलीला तीन-साडेतीन ग्रॅम दिसले तर दूध. पुन्हा सांगतो, तीन-साडेतीन.

पावडर कुठे बरी? गार ठेवायची सोय नसेल तिथे. वजन कमी करत असाल तिथे, कारण अर्ध्या लिटर चॉकलेट दुधात तीनशेहून जास्त कॅलरी आणि स्कूपमध्ये एकशेवीसच्या आसपास. संध्याकाळी पाऊण तास वजनं उचलली आणि पुढचा व्यायाम परवा असेल, तर साठा भरायची घाई नाहीच; प्रथिनं घ्या किंवा सरळ जेवा. दूध प्यायल्यावर ज्यांचं पोट फुगतं त्यांनी लॅक्टोजमुक्त दूध घ्यावं, त्यात साखर तितकीच असते. आणि पहिला प्रयोग स्पर्धेच्या दिवशी नको, सरावाच्या दिवशी, घराच्या जवळ.

इंजिनीअरचा पावडरीचा डबा अजून संपलेला नाही. दूध न्यायला विसरतो त्या दिवशी तो पावडर घेतो, पण आता सोबत केळी आणतो. काकांनी टोपी बदलली.