ओळंबा आणि दप्तर

(दृश्य : पहाट, पावसाची भुरभुर. जांभ्याच्या पाखाडीवरून चढणारी मुले.)

गुहागर तालुक्यातल्या समुद्रकाठच्या अनेक गावांत खाली नारळी-पोफळीच्या बागा आणि घरे असतात, आणि वर जांभ्याचा उघडा सडा. ज्या माध्यमिक शाळेत आपण आलो आहोत ती सड्यावर आहे. त्यामुळे खालच्या वाडीतल्या मुलांना दप्तर घेऊन रोज ही पाखाडी चढावी लागते, आणि दप्तराने शरीराचे काय होते ते पाहायला यापेक्षा सोयीची जागा मिळणार नाही.

पाठीवर वजन आले की शरीराचा तोल मागे जाऊ लागतो. तो सावरण्यासाठी मूल कमरेतून पुढे झुकते, आणि चढावर तर आणखी झुकते. पण झुकल्यावर नजर पायरीवर खिळते. समोरचे दिसावे म्हणून ते हनुवटी वर करते, आणि डोके खांद्यांच्या पुढे निघून जाते. हे सगळे त्या क्षणापुरते योग्यच असते, कारण शरीर पडू नये म्हणून केलेली ती तडजोड आहे. प्रश्न एवढाच आहे की दप्तर उतरवल्यावर ती तडजोड सुटते की नाही. आजची तपासणी या एकाच प्रश्नासाठी आहे.

(दृश्य : शाळेची पडवी. तुळईला बांधलेला ओळंबा.)

तपासणीला आलेल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी गावातल्या गवंड्याकडून ओळंबा मागून आणला आहे. महागड्या यंत्रापेक्षा इथे तो बरा, कारण दोरी सरळ आहे की नाही याबद्दल कोणालाही शंका येत नाही. मूल बाजूने उभे राहिले की दोरी घोट्याच्या हाडाच्या किंचित पुढे येईल असे त्याला उभे करायचे. मग ती गुडघ्याच्या मध्याच्या थोडी पुढून, खुब्यावरून, खांद्याच्या टोकावरून आणि कानाच्या पाळीवरून जाते की नाही ते पाहायचे. कान दोरीच्या पुढे किती आहे, हे पहिले निरीक्षण.

पालकांची लेखी संमती आधीच घेतलेली आहे. मुलींची तपासणी वेगळ्या वर्गात, शाळेतल्या बाईंच्या उपस्थितीत होते. केस वर बांधलेले हवेत, कारण मान झाकली गेली तर मोजण्यासारखे काही उरत नाही.

सातवीतल्या एका मुलीची तपासणी आपण शेवटपर्यंत पाहू. तिचे वजन 33 किलो आहे. पाखाडी चढून आल्याबरोबर ताईंनी तिचे दप्तर विज्ञानाच्या प्रयोगशाळेतल्या ताणकाट्याला अडकवले. पाण्याची बाटली, स्टीलचा डबा आणि ओली छत्री धरून ते 5.8 किलो भरले, म्हणजे तिच्या वजनाच्या सतरा टक्क्यांहून थोडे अधिक. महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये दप्तरासाठी विद्यार्थ्याच्या वजनाच्या 10 टक्क्यांची मर्यादा घातली, आणि 2020 च्या राष्ट्रीय दप्तर धोरणातही तीच आहे. त्या धोरणात सहावी-सातवीसाठी 2 ते 3 किलो असे वजन दिले आहे. दप्तर उघडल्यावर असे दिसले की तिच्याकडे त्या दिवशी लागणार नव्हत्या अशा चार वह्या होत्या. तास ऐनवेळी बदलतात आणि वही नसली तर बोलणी बसतात, म्हणून ती सगळेच आणते. हे कारण मानेच्या व्यायामाने दूर होणारे नाही.

(दृश्य : मानेवर लाल टिकली लावणारे बोट.)

आता मोजमाप. कानाच्या छिद्रापुढे जो छोटा उंचवटा असतो त्यावर एक टिकली लावली जाते. दुसरी लावायची मानेच्या सातव्या मणक्यावर. तो शोधण्यासाठी मुलीला मान खाली घालायला सांगतात, मागच्या बाजूला सर्वांत वर आलेल्या हाडावर बोट ठेवतात आणि मग तिला मान मागे न्यायला सांगतात. सहावा मणका त्या वेळी बोटाखालून आत सरकतो, सातवा जागेवर राहतो. इथे चूक झाली तर पुढचा सगळा हिशेब चुकतो, आणि घाईत ती चूक होतेच.

तिपाईवरचा फोन खांद्याच्या उंचीवर, दोन मीटर अंतरावर ठेवलेला आहे. "ताठ उभी राहा" असे मुद्दाम सांगितले जात नाही, कारण तसे सांगितल्यावर प्रत्येक मूल पंधरा ऑगस्टच्या संचलनात उभे राहते तसे उभे राहते. त्याऐवजी तिला डोके तीनदा वर-खाली हलवून जिथे सहज थांबेल तिथे थांबवायला सांगतात. फोटोत सातव्या मणक्यातून एक आडवी रेषा काढायची, त्याच बिंदूपासून कानाच्या टिकलीपर्यंत दुसरी, आणि मधला कोन कोनमापकाने मोजायचा. तो साधारण 50 अंशांच्या आसपास किंवा अधिक असेल तर डोके बऱ्यापैकी खांद्यांवर आहे, आणि कोन जितका लहान तितके डोके पुढे.

हिचा कोन दप्तराशिवाय 49 अंश आला, आणि दप्तर पाठीवर असताना 42. दप्तर उतरवून दहा मिनिटे बसवल्यावर तो पुन्हा 48 झाला. अशा फोटोत दोन-तीन अंशांचा फरक नुसत्या मोजण्यातूनही येऊ शकतो, म्हणून 48 आणि 49 यांत भेद मानायचा नाही. याचा अर्थ असा, की तडजोड सुटते आहे. तिची मान वाकडी झालेली नाही. ओझे असेपर्यंत ती वाकते. अशा मुलीच्या पालकांना "पाठीला बाक आला आहे" असे सांगणे चुकीचेच ठरले असते.

(दृश्य : वर्गातली सतरंजी.)

तरीही समोरून पाहताना तिचा उजवा खांदा वर दिसत होता. एका हातात छत्री धरली की दप्तराचा एक पट्टा निसटतो, आणि उरलेला पट्टा घसरू नये म्हणून दुसरा खांदा उचलून धरावा लागतो. पावसाळ्यातले हे चित्र इथे घरोघरी आहे. पण वर दिसणारा खांदा सवयीचा आहे की कण्याचा, हे नजरेने कळत नाही. त्यासाठी तिला दोन्ही तळहात जोडून, गुडघे सरळ ठेवून कमरेतून हळूहळू पुढे वाकायला सांगितले आणि मागून पाहिले. बरगड्यांच्या दोन्ही बाजू एका पातळीवर राहिल्या. कणा बाजूला वळून पिळलेला असता, तर एक बाजू फुगून वर आली असती.

अगदी तसेच आठवीतल्या एका मुलाच्या पाठीवर दिसले. गवंड्याच्या पाणसळीसारखे काम करणारा स्कोलिओमीटर पाठीवर आडवा ठेवल्यावर उजवीकडे 8 अंश आले. पाय लहान-मोठे असले तरी असा फुगवटा दिसतो, म्हणून त्याला बाकावर बसवून पुन्हा वाकवले. फुगवटा गेला नाही. त्याच्या नावापुढे एकही व्यायाम लिहिलेला नाही, अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवण्याची चिठ्ठी मात्र आहे. त्याच्या आईने साहजिकच दप्तराला दोष दिला, पण दप्तराने कणा असा पिळतो याला पुरावा नाही, आणि ताईंनी तसे तिला समजावूनही सांगितले. रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, हाताला मुंग्या किंवा हात उचलताना अशक्तपणा असेल, तरीही हाच मार्ग. पट्ट्याच्या दाबाने खांद्याजवळची नस दबू शकते आणि तिथे व्यायामाची घाई नडते.

आपण मुलीकडे वळू. ती पालथी झोपल्यावर वरच्या पाठीचा गोलवा सपाट झाला, म्हणजे मणक्यांत ताठरपणा नाही. उताणी झोपवल्यावर खांद्यांची टोके सतरंजीपासून बरीच वर राहिली, आणि हलक्या हाताने खाली दाबल्यावर तिला छातीच्या पुढच्या भागात ओढ जाणवली. नंतर हनुवटी आत घेऊन डोके दोन बोटे उचलून धरायला सांगितले. सहाव्या सेकंदाला हनुवटी पुढे आली, आणि तिथेच घड्याळ थांबवले. छातीचे स्नायू आखडलेले आणि मानेच्या पुढच्या बाजूचे खोल स्नायू लवकर थकणारे, एवढे दोनच निष्कर्ष निघाले. म्हणून व्यायामही दोनच.

पहिला हनुवटीचा. उताणे झोपून हनुवटी खाली न झुकवता सरळ आत घ्यायची, पाच सेकंद धरायची आणि सोडायची. असे दहा वेळा. कवटीच्या मागच्या बाजूला हलका ताण आला तर व्यायाम बरोबर होतो आहे. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या तर जोर चुकीच्या जागी लागतो आहे. दोन आठवड्यांनी तोच भिंतीला टेकून करायचा.

दुसरा दाराच्या चौकटीत. कोपर खांद्याच्या उंचीवर ठेवून हात चौकटीला लावायचा आणि एक पाऊल पुढे टाकून छातीत ओढ येईपर्यंत थांबायचे, 20 ते 30 सेकंद, प्रत्येक बाजूला तीनदा. इथे मुले कंबर पुढे काढून फसवतात, कारण तसे केल्याने ताण न येताही आपण खूप पुढे गेल्यासारखे वाटते. पोट किंचित आत धरले की ही फसवणूक बंद होते. खेळाच्या सरांनी मान गोल फिरवण्याचा आणि खांदे उडवण्याचा व्यायामही सुचवला होता. जो खांदा दिवसभर उचललेलाच असतो त्याला आणखी उचलायला शिकवण्यात अर्थ नाही, म्हणून ताईंनी तो घेतला नाही.

(दृश्य : ऑक्टोबरचे ऊन. तीच पडवी, तोच ओळंबा.)

आठ आठवड्यांनी मुलगी पुन्हा दोरीपाशी उभी आहे. कोन 51 अंश आला. आधीच्या 49 च्या तुलनेत हा फरक मोजमापाच्या चुकीत बसणारा आहे, म्हणून नोंदवहीत "सुधारणा" असे लिहिलेले नाही. डोके उचलून धरण्याचा वेळ मात्र 6 सेकंदांवरून 18 वर गेला. उजवा खांदा जवळजवळ डाव्याच्या पातळीत आहे.

दप्तर 3.4 किलो भरले. वर्गशिक्षिकेने बदललेले तास आदल्या दिवशीच फळ्यावर लिहायला सुरुवात केल्याने चार वह्या कमी झाल्या. पण या दिवसांत छत्री नाही आणि पट्टाही निसटत नाही, हे ताईंच्या लक्षात आहे. खांद्याचे श्रेय व्यायामाला द्यायचे की उघडिपीला, हे आज ठरवता येणार नाही. म्हणून नोंदवहीच्या त्या ओळीपुढे त्यांनी पेन्सिलने लिहिले आहे : पुन्हा वजन आणि खांदे, जूनमध्ये, पहिल्या मोठ्या पावसाच्या दिवशी, छत्रीसकट.