अर्ज गेला, पण पोहोचला काय?

(कॅमेऱ्याकडे बघत)

नमस्कार मंडळी. आधी स्क्रीनवरचा हा शब्द वाचा बरं.

```
ukxiwj
```

नाही ना वाचता येत? हे "नागपूर" आहे. मागच्या महिन्यात माझ्या भाच्याचा अख्खा अर्ज एका संस्थेत असाच जाऊन पडला. ग्रंथपालाची जागा होती, पत्र मराठीत मागितलं होतं. त्याने मन लावून लिहिलं, वर्डची फाइल मेलला जोडली आणि पाठवून मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी तिथल्या बाबूंचा फोन, "काय धाडलं बाप्पा हे? इंग्रजी पण नाही, मराठी पण नाही!"

भाचा तडक माझ्याकडे आला. म्हणाला, "मामा, माझ्या लॅपटॉपवर तर बरोबर दिसतंय ना."

तिथेच तर गोम आहे. त्याने पत्र टाइप केलं होतं कृतिदेवमध्ये. आपल्या इथे सीताबर्डीपासून महालपर्यंत टायपिंगच्या दुकानांत हा फॉन्ट वर्षानुवर्षं चालत आलाय. पण कृतिदेवच्या फाइलमध्ये मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेलं असतं इंग्रजी `u`, आणि फॉन्ट त्या जागी "न" चं चित्र दाखवतो. समोरच्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की चित्र गेलं, मागे उरलं `u`. युनिकोडमध्ये "न" हा "न" म्हणूनच साठवला जातो. फॉन्ट बदलला तर अक्षराचं वळण बदलेल, पण पत्र वाचता येईल.

आता बरेच जण काय करतात, सगळा मजकूर सिलेक्ट करतात आणि फॉन्ट मंगल करतात. त्याने काही होत नाही, उलट ते `ukxiwj` उघडं पडतं. मजकूर कृतिदेवचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढावा लागतो, आणि त्यानंतर डोळ्यांनी एकेक ओळ वाचावी लागते. रफार, पहिली वेलांटी आणि "दुसऱ्या", "तऱ्हा" यातला तो अर्धा र, हे हमखास घसरतात. भाच्याच्या पत्रात "कार्य" चा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला होता. दीड पानाचंच पत्र असेल तर सरळ नव्याने टाइप करा, लवकर होतं.

फॉन्ट कोणता? विंडोजवर `Nirmala UI` घ्या, विंडोज ८ पासून तो सोबतच येतो. मंगलही चालेल, पण त्याची ओळ मुळातच उंच असते, त्यामुळे तेच पत्र जास्त जागा खातं. आकार १२. आणि ओळींमधलं अंतर `Exactly 12 pt` असं कधी बांधून टाकू नका. इंग्रजीत ते खपून जातं. मराठीत वरची मात्रा आणि खालचा उकार कापला जातो. "कौ" चा "का" झाला की समजायचं अंतर आवळलंय. `Multiple` ठेवा, १ ते १.१५.

(स्क्रीनवर: सेव्ह करायची खिडकी)

आता फाइल. वर्डची पाठवायची की पीडीएफ? जाहिरातीत वर्ड मागितली असेल तर वर्ड, तिथे आपलं डोकं चालवायचं नाही. काही म्हटलं नसेल तर पीडीएफ. वर्डची फाइल दुसऱ्याकडे उघडली की तिथल्या फॉन्टप्रमाणे ओळी पुन्हा मांडल्या जातात, आणि "आपला विश्वासू" एकटाच दुसऱ्या पानावर जाऊन बसतो. पीडीएफमध्ये फॉन्ट फाइलच्या पोटातच जातो. गेला की नाही ते बघता येतं: अडोबी रीडरमध्ये `Ctrl+D` दाबा, तिथे `Fonts`. फॉन्टच्या नावापुढे `Embedded Subset` दिसलं की झालं.

तुम्ही म्हणाल, मग कृतिदेवचंच पीडीएफ करून पाठवलं तर? दिसेल बरोबर. पण समोरच्याने त्यात तुमचं नाव शोधलं, किंवा पत्ता कॉपी करून दुसरीकडे चिकटवला, की परत `ukxiwj`. म्हणून मूळ टायपिंगच युनिकोडमध्ये हवं.

पीडीएफ करण्याआधी एक चोर जागा तपासा. वर्डच्या `File > Info` मध्ये उजवीकडे `Title` असतं. भाच्याने मित्राचं जुनं पत्र उघडून त्यावरच स्वतःचं लिहिलं होतं. आत सगळं बदललं, पण `Title` मध्ये मित्राचं नाव तसंच. पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडलं की वरच्या टॅबवर तेच झळकतं! हा प्रकार मी दुकानात इतक्यांदा पाहिलाय की आता कोणाचीही फाइल आली की पहिले तिथेच जातो.

फाइलच्या नावाचं म्हणाल तर भाच्याचं होतं `Application.pdf`. आता विचार करा, त्या बाबूंनी चाळीस जणांचे अर्ज डाउनलोड केले. त्यांच्या फोल्डरमध्ये हा पठ्ठ्या `Application (7).pdf` म्हणून पडलेला. फाइल तुमच्याकडे असते तेव्हा ती अर्ज असते, त्यांच्याकडे गेली की ती तुम्ही असता. आधी आडनाव, मग नाव, मग पद. समजा नाव सुरेश वानखेडे, तर असं:

```
Wankhede_Suresh_Granthpal_Arj.pdf
```

पत्र मराठीत, मग फाइलचं नाव रोमनमध्ये का? मलाही आवडत नाही. पण काही वेबसाइट देवनागरी नाव नीट सांभाळत नाहीत. "अर्ज.pdf" असं नाव कधी कधी पलीकडे असं पोहोचतं:

```
%E0%A4%85%E0%A4%B0%E0%A5%8D%E0%A4%9C.pdf
```

"अर्ज" एवढ्याशा शब्दाची ही छत्तीस चिन्हं. तुमचं पूर्ण नाव घातलं तर काय होईल, बघा. तारीख घालायची तर १२/६ अशी तिरकी रेघ विंडोज नावात घेतच नाही, आडवी रेघ वापरा.

(कागद हातात घेऊन)

शेवटचं, समास. आपल्याकडे मेलने आलेलं पत्रही छापलं जातं, पंच होतं आणि फाइलला लागतं. पंचाचं भोक कडेपासून साधारण सव्वा सेंटीमीटरवर पडतं, त्यानंतर पान उलटायला दुमड लागते. म्हणून डावीकडे ३ सेंटीमीटर सोडा, उजवीकडे २. ए४ कागद २१ सेंटीमीटर रुंद, म्हणजे ओळीला १६ मिळाले. वर्डचा नेहमीचा २.५४ दोन्हीकडे ठेवला तरी ओळ जवळपास तेवढीच मिळते. मोकळी जागा तीच, फक्त डावीकडे सरकवली. वर-खाली अडीच.

आणि `Layout > Size` मध्ये `A4` आहे ना, बघून घ्या. तिथे `Letter` असेल तर ते पान ए४ पेक्षा जवळपास १८ मिलिमीटर आखूड असतं. तिकडे छापताना प्रिंटर एक तर कागद मागत अडून बसतो, नाही तर सगळं लहान-मोठं करतो.

भाच्याचं पत्र एवढं करूनही दोन ओळींनी दुसऱ्या पानावर सांडत होतं. तो लगेच समास दीड करायला निघाला. मी म्हटलं, थांब गा, "मी लहानपणापासून वाचनाचा भोक्ता आहे" हे वाक्य काढ. ग्रंथपालाच्या जागेला अर्ज करणारा प्रत्येकजण हेच लिहितो. दोन ओळी तिथेच गेल्या.

मग त्याने ते आधी माझ्या बहिणीच्या मोबाइलवर पाठवलं, कारण त्या फोनमध्ये त्याने कधी काही टाकलेलं नव्हतं. तिने उघडलं, तारखेपासून सहीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवलं, आणि मग दुपारी ते संस्थेला गेलं. बाबूंचा परत फोन नाही आला, तीन शब्दांचा मेल आला: "अर्ज मिळाला. धन्यवाद."