फोटोचं किती ऐकायचं, मजकुराचं किती

मित्रहो, आज इथे पुस्तकांची मुखपृष्ठं, दिवाळी अंकांची सजावट, पोस्टर अशी कामं करणारे बरेच जण आहेत. त्यामुळे मी एकाच प्रश्नापाशी थांबणार आहे. तुमच्याकडे एक फोटो आहे आणि त्यावरून तुम्हाला चित्र हवं आहे. AI च्या साधनात फोटो टाकलात, चौकटीत प्रॉम्प्ट, म्हणजे कसं चित्र हवं त्याचा मजकूर लिहिलात, आणि खाली एक स्लायडर दिसतो. तो कुठे ठेवायचा?

उदाहरणाला मी स्टेबल डिफ्यूजन हे चित्रं काढणारं AI मॉडेल घेतो. ते 2022 च्या ऑगस्टमध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं आणि आतली यंत्रणा त्यात उघड दिसते. ते चालवायच्या AUTOMATIC1111 या प्रोग्रॅमच्या पडद्यावर या स्लायडरचं नाव `Denoising strength` असं आहे. तो 0 ते 1 जातो. मी त्याला नुसतं स्ट्रेंथ म्हणेन. बहुतेक जण 0.5 चा अर्थ ‘निम्मा फोटो, निम्मा मजकूर’ असा लावतात. तसा अर्थ लावला की पुढचे सगळे निर्णय चुकत जातात, म्हणून आत काय चालतं ते आधी पाहू.

तुमचा फोटो आधी लहान करून आतल्या भाषेत बदलला जातो. 768 बाय 512 पिक्सेलच्या फोटोची 96 बाय 64 घरांची जाळी होते. मग त्या जाळीत गोंगाट मिसळतात, म्हणजे टीव्हीवर पूर्वी मुंग्या दिसायच्या तसे विस्कळीत ठिपके. किती मिसळायचा ते स्ट्रेंथ ठरवते. त्यानंतर मॉडेल टप्प्याटप्प्याने तो गोंगाट काढत जातं, आणि काढताना तुमचा मजकूर वाचतं. इथली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, की मूळ फोटोकडे ते पुन्हा वळून पाहत नाही. सुरुवात कुठून करायची एवढंच फोटो सांगतो. पुढे त्या गोंगाटात फोटोचं जे काही शिल्लक असेल, तेवढीच त्याची सत्ता.

शिल्लक काय राहतं? घाटात धुकं दाटत जातं तेव्हा आधी पाट्यांवरची अक्षरं जातात, मग खिडक्या आणि फांद्या, मग छपराची कड, आणि शेवटी एवढंच कळतं की डावीकडे काहीतरी काळोखं आहे आणि वर उजेड आहे. गोंगाटही त्याच क्रमाने फोटो खातो: आधी बारीक, मग मध्यम, शेवटी ठोकळ. तेव्हा स्ट्रेंथचा आकडा म्हणजे टक्केवारी नव्हे. केवढ्या आकाराच्या गोष्टी फोटोतून वाचतील आणि केवढ्या मॉडेल नव्याने रचील, याची ती रेघ आहे.

आता एक प्रत्यक्ष काम घेऊ. फोटो कोकणातल्या एका कौलारू घराचा आहे. भर दुपारचं ऊन आहे, पुढे अंगण आणि तुळशीवृंदावन, ओसरीवर आजी बसलेल्या, कडेला एक पांढरी स्कूटर. मुखपृष्ठासाठी हवं आहे पावसाळी संध्याकाळचं जलरंगातलं चित्र. घर ओळखू यायला हवं, आणि स्कूटर नको.

पहिला प्रॉम्प्ट साधारण असा असतो: `watercolor painting, rainy evening`. बीज, म्हणजे गोंगाट कसा पडेल ते ठरवणारा `Seed` हा आकडा, एकच ठेवा, नाहीतर फरक स्ट्रेंथमुळे पडला की नशिबामुळे ते कळणार नाही. मग 0.3, 0.5, 0.7 अशी तीन चित्रं शेजारीशेजारी लावा. `X/Y/Z plot` या सोयीने ती एकाच पानावर येतात.

0.3 वर घर जसंच्या तसं राहतं. कौलांवर थोडा रंगाचा ओघळ येतो, कागदाचा पोत येतो, पण ऊन तसंच आणि स्कूटरही तशीच. 0.5 वर जलरंग खऱ्या अर्थाने दिसायला लागतो. कौलांच्या ओळी मॉडेलच्या मनाने पडतात, वृंदावन थोडं वेगळं होतं, स्कूटरची एखादी पांढरट वस्तू होते. ऊन मात्र अजून आहे! 0.7 वर आभाळ भरून येतं, अंगण ओलं होतं, आणि घर दुसऱ्याच कुणाचं तरी झालेलं असतं.

हा पेच 0.6 किंवा 0.65 करून सुटत नाही, आणि माझ्या मते या विषयात खरी समजून घेण्याची गोष्ट हीच आहे. उजेड-अंधार ही फोटोतली सगळ्यात ठोकळ गोष्ट. ती शेवटी पुसली जाते. ती पुसेपर्यंत स्ट्रेंथ वाढवली, तर तिच्याहून बारीक असलेलं सगळं, म्हणजे छपराचा उतार, खांबांची संख्या, दारांची जागा, त्याआधीच गेलेलं असतं. ठोकळ बदला आणि मध्यम ठेवा, ही मागणी त्या एका स्लायडरला पेलणारीच नाही. या मॉडेलच्या पहिल्या आवृत्त्यांमध्ये तर 1 वरही मूळ फोटोचा पुसटसा अंश शिल्लक राहतो, आणि उजळ फोटोवरून गडद रात्र काढायला गेलं की ते जाणवतं.

मग करायचं काय? आकडा सोडा आणि फोटोला हात घाला. कुठल्याही फोटो एडिटरमध्ये तो फोटो काळवंडून घ्या, निळसर-करडी छटा द्या, आभाळाच्या जागी राखाडी रंग भरा, अंगणात दोन-चार गडद डाग ओढा. जमिनीवरच्या कडक सावल्या जमतील तितक्या बुजवा, कारण त्या राहिल्या तर पावसातही ऊन पडल्यासारखं वाटतं. स्कूटरवर मागच्या भिंतीचा रंग फासा. सफाईची गरज नाही. हा प्रकार आडवळणाचा वाटेल, पण ज्या पद्धतीवर हे उभं आहे ती 2021 ची SDEdit, स्टॅनफर्ड आणि कार्नेगी मेलनच्या संशोधकांची, आणि तीत वापरणाऱ्याने ओबडधोबड रंगपट्टे ओढावेत आणि मॉडेलने त्यांचं चित्र करावं हीच कल्पना होती. एक काळजी घ्या. सपाट रंग भरलेली जागा कमी स्ट्रेंथवर सपाटच राहते, ठिगळ लावल्यासारखी. तिथे एडिटरमधूनच थोडा दाणेदारपणा मिसळला, की मॉडेलला तिथून काहीतरी काढायला वाव मिळतो.

असा तयार केलेला फोटो 0.45 ते 0.5 वर द्या. आता संध्याकाळ फोटोतूनच येते, जलरंग मजकुरातून येतो, आणि घराची ठेवण वाचते.

प्रॉम्प्टही बदलावा लागतो. मॉडेल फोटो पाहत नाही हे लक्षात असेल, तर ‘याचं जलरंग चित्र कर’ अशी आज्ञा निरुपयोगी का, हे आपोआप कळतं. चित्रात जे जे असायला हवं ते सगळं लिहायचं: कौलारू छप्पर, लाकडी खांबांची ओसरी, बसलेली वृद्ध स्त्री, अंगणात तुळशीवृंदावन. वृंदावन लिहिलं नाही तर गोंगाटातला तो चौकोनी ठोकळा विहीर आहे, खांब आहे की दगड आहे हे मॉडेल स्वतः ठरवतं. खरं सांगायचं तर तुळशीवृंदावन हा शब्द लिहूनही ते नीट ओळखेल याची खात्री नसते. तेव्हा दगडी चौथरा आणि त्यावर रोप असं साधं वर्णन जास्त चालतं.

शेजारी `CFG Scale` नावाचा दुसरा स्लायडर असतो, नेहमी 7 च्या आसपास. फोटो सुटत नाही असं दिसलं की अनेकांचा हात तिकडे जातो. प्रत्येक टप्प्यावर मॉडेल दोन अंदाज करतं, एक मजकूर धरून आणि एक मजकुराविना, आणि त्या दोहोंतला फरक या आकड्याने वाढवला जातो. फोटोवरची पकड त्याने सैल होत नाही, कारण फोटो या हिशोबात नाहीच. तो 15 वर नेलात तर रंग भडक होतात, काळे भाग ठार काळे पडतात, कडा करकरीत होतात. जलरंगात हे लगेच दिसतं, कागदाचा पांढरेपणा जातो. 5 ते 8 मध्ये ठेवा आणि विसरा.

टप्प्यांचंही ध्यानात असू द्या. तुम्ही 30 टप्पे मागितलेत आणि स्ट्रेंथ 0.5 असेल, तर प्रत्यक्षात साधारण 15 च होतात, कारण सुरुवातच मधून होते. कोड लिहिणाऱ्यांसाठी, इथे `pipe` म्हणजे diffusers लायब्ररीतली img2img पाइपलाइन:

```python
out = pipe(prompt=prompt, image=photo, strength=0.5,
           guidance_scale=7, num_inference_steps=30).images[0]
```

स्ट्रेंथ 0.2 आणि टप्पे 20 ठेवले तर हाती चारच टप्पे येतात, आणि चित्र अर्धवट, मळकट दिसतं. तिथे टप्पे वाढवायचे.

काही कामांत मात्र फोटो रंगवूनही भागत नाही. समजा त्याच घराचं मधुबनी शैलीत चित्र हवं. तिथे रंग, उजेड, पोत सगळंच बदलायचं, फक्त बांधणी राखायची. मग स्ट्रेंथ 0.9 च्या वर न्या आणि बांधणीचं काम कंट्रोलनेटवर सोपवा. 2023 मध्ये आलेल्या या जोडणीत फोटोतून नुसत्या रेषा किंवा नुसती खोली, म्हणजे जवळ काय आणि लांब काय, वेगळी काढतात, आणि ती माहिती मॉडेलला टप्प्याटप्प्याला दाखवली जाते. रेषा दिल्या तर कौलनकौल पाळलं जातं आणि चित्र फोटो गिरवल्यासारखं होतं. खोली दिली तर घराचा आकार राहतो आणि बाकी मोकळीक मिळते. जलरंग किंवा लोकशैलीसाठी मी खोलीच घेतो. `Ending Control Step` 0.6 च्या सुमारास ठेवला, की शेवटच्या टप्प्यांत बंधन सुटतं आणि कडा हाताने काढल्यासारख्या मऊ येतात.

राहता राहिल्या ओसरीवरच्या आजी. लांबून काढलेल्या फोटोत त्यांचा चेहरा जेमतेम 40 पिक्सेलचा असतो, म्हणजे आतल्या जाळीत पाच बाय पाच घरं. माणसाची ओळख असते बारीक तपशिलात, आणि बारीक तर पहिल्यांदा पुसलं जातं. 0.3 वरही त्या दुसऱ्याच कुणी बाई होतात. दारावरच्या मराठी पाटीचीही हीच गत, अक्षरांची नक्षी होते. स्ट्रेंथ 0 ठेवली तरी जाळीत जाऊन परत येताना इतका लहान चेहरा थोडा बिघडतोच.

म्हणून चेहरा आणि पाटी त्या पूर्ण चित्राच्या फेरीत वाचवायच्या भानगडीत पडू नका. चित्र झाल्यावर मूळ फोटोतली आजींची आकृती कापून चित्रावर बसवा, तेवढ्याच भागावर मास्क काढा, `Inpaint area` मध्ये `Only masked` निवडा, म्हणजे तो तुकडा मोठा करून रंगवला जातो आणि चेहऱ्याला पाच घरांऐवजी बरीच जास्त घरं मिळतात. स्ट्रेंथ 0.25 ते 0.35. शेजारी मूळ फोटो उघडा ठेवून ओळखीच्या माणसाला दाखवा, कारण त्या आजी त्याच आहेत का हे तुम्हाला कळणार नाही, त्यांच्या घरच्यांना कळेल. पाटी मात्र शेवटी सरळ फॉन्टने किंवा हाताने लिहा.