रेझ्युमे उघडायच्या आधी

चाकण एमआयडीसी, सकाळचे सात वाजलेत, पहिली शिफ्ट आत चाललीये. इथल्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअरची एक जागा निघालीये आणि ४० रेझ्युमे आलेत. पण एचआर हेड मॅडमनी ते अजून कुणालाच पाठवलेले नाहीत. त्यांनी लाइन मॅनेजर्सना एक पत्र लिहिलंय, त्यातलाच काही भाग आता ऐकूया.

"नमस्कार. फोल्डर अजून का उघडला नाही असं तुमच्यापैकी तिघांनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहितेय. मागच्या वेळी काय झालं ते आठवून बघा. दोन जण शेवटपर्यंत आले होते. एक डिप्लोमावाला, मशीन शॉपमध्ये ८ वर्षं काढलेला. दुसरा बीई, अनुभव ३ वर्षं. अनुभव, कस्टमर कम्प्लेंट हाताळणं आणि शिक्षण, तिन्हीला ४ पैकी मार्क दिले होते. डिप्लोमावाल्याला ४, ३, २ आणि बीईवाल्याला २, ३, ४. मार्कांवरून कुणाचंच भांडण नव्हतं. भांडण झालं ते कशाला किती वजन द्यायचं यावरून, आणि ते सुद्धा दोघांना भेटून झाल्यावर.

आता हिशोब करून बघा. अनुभवाला ५०, कम्प्लेंटला ३०, शिक्षणाला २० वजन दिलं तर डिप्लोमावाल्याचे ३३० होतात आणि बीईवाल्याचे २७०. अनुभव आणि शिक्षणाची वजनं अदलाबदल केली की बीईवाला ३३० आणि डिप्लोमावाला २७०. माणसं तीच, मार्क तेच, निकाल मात्र पूर्ण उलटा. मग तेव्हा आपण नक्की कशावरून निवडलं? मला आजही सांगता येत नाही, आणि ज्याला नाही म्हटलं त्याला मी फोनवर काय कारण दिलं ते आठवलं की अजून वाईट वाटतं."

मॅडम इथे कुणावर लबाडीचा आरोप करत नाहीयेत हे लक्षात घ्या. २००५ साली एरिक उलमन आणि जेफ्री कोहेन या दोन मानसशास्त्रज्ञांनी नेमकी हीच गोष्ट तपासली होती. पोलीस प्रमुखाच्या पदासाठी दोन उमेदवार, एक पुरुष आणि एक स्त्री, एकाकडे रस्त्यावरचा अनुभव आणि दुसऱ्याकडे शिक्षण. स्त्री कमी हुशार आहे असं लोक म्हणत नव्हते, दोघांच्या जमेच्या बाजू त्यांना नीट दिसत होत्या. फक्त पुरुषाकडे जे होतं तेच या कामाला जास्त गरजेचं आहे असं त्यांना वाटायला लागायचं. आणि ज्यांच्याकडून निकष आधी ठरवून घेतले, उमेदवार स्त्री की पुरुष हे नंतर सांगितलं, त्यांच्यात हा भेदभाव उरलाच नाही. आपल्याकडे स्त्री-पुरुषाच्या जागी कॉलेज येतं, गाव येतं, आडनाव येतं.

पत्रात पुढे काम कसं करायचं ते आहे. "रेझ्युमे उघडायच्या आधी शीटवर तीन किंवा चार निकष लिहा, त्याहून जास्त नको. प्रत्येकाचं वजन आकड्यात लिहा आणि ४ म्हणजे काय, २ म्हणजे काय हेही लिहा. 'चांगला अनुभव' असं लिहिलंत तर प्रत्येक जण आपापला अर्थ काढणार. 'कस्टमर कम्प्लेंटचं मूळ कारण स्वतः शोधून बंद केलंय, रेझ्युमेत तसं उदाहरण आहे' असं लिहिलं की तो ४ कुणालाही तपासता येतो. मार्क देताना एक निकष घ्या, तो चाळीसही जणांना लावा, मगच पुढचा. नाहीतर पहिल्या कॉलममध्ये आवडलेला माणूस पुढच्या सगळ्या कॉलममध्ये उगाच वर जातो.

शीटवरची तारीख रेझ्युमे डाउनलोड केल्यानंतरची असेल तर मी ती परत पाठवणार. एकूण बेरीज आधी आणि आतले मार्क नंतर भरलेले दिसले तरीही परत.

रेझ्युमे वाचताना खरंच लक्षात आलं की एक निकष चुकलाय, तर बदला, माझी ना नाही. पण कारण लिहून द्या आणि मग चाळीसच्या चाळीस जणांना पहिल्यापासून मार्क द्या, फक्त त्या एकाला नाही. आणि अर्ज केलेल्यांपैकी कुणी ओळखीचा असेल तर वजनं तुम्ही ठरवू नका, दुसऱ्या लाइनच्या मॅनेजरला ठरवू द्या, कारण त्याचा रेझ्युमे तुमच्या डोक्यात आधीच उघडलेला असतो."

एक गोष्ट मॅडमनी स्वतःहून मान्य केलीये. निकषच वाकडा असेल, म्हणजे 'अमुकच कॉलेज हवं' असा, तर तो आधी ठरवून काहीच उपयोग नाही. म्हणून प्रत्येक निकषापुढे शीटमध्ये एक रिकामी ओळ ठेवलीये: शॉप फ्लोअरवर हे नेमकं कुठे लागतं?

निकष आणि वजनं लिहिलेली शीट द्यायची मुदत सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत. फोल्डरचा पासवर्ड त्यानंतर.