मेंदी काढल्यावर संत्र्यासारखी का दिसते, आणि दोन दिवसांत गडद कशी होते?

[कॅमेरा थेट उजव्या तळहातावर. चार ठिपके, एका ओळीत.]

नमस्कार. आधी माझा हात बघा. या तळहातावर चार ठिपके आहेत. चारही एकाच कोनातले, चारही बरोबर चार तास ठेवलेले. फरक फक्त वेळेचा आहे. आज रविवार, सकाळचे दहा वाजलेत. करंगळीकडचा पहिला ठिपका मी शुक्रवारी सकाळी दहाला खरवडला. दुसरा काल सकाळी दहाला, तिसरा काल रात्री दहाला. आणि हा चौथा आत्ता तुमच्यासमोर खरवडते. कोन मधल्या वेळात फ्रीझरमध्ये होता, म्हणजे मेंदी जुनी होऊन रंग बदलला असं कोणी म्हणायला नको.

[चौथा ठिपका बोथट सुरीने खरवडते. पाणी नाही.]

आता जवळून बघा. हा चौथा म्हणजे सोललेल्या संत्र्याची साल. बारा तासांचा तिसरा थोडा विटकरीकडे झुकलाय. चोवीस तासांचा दुसरा तांबडा-तपकिरी. आणि अठ्ठेचाळीस तासांचा पहिला पिकलेल्या चिंचेच्या रंगाचा. मेंदी तीच, हात तोच. मी शुक्रवारनंतर पहिल्या ठिपक्यावर काहीही लावलेलं नाही. मग हा रंग आला कुठून?

त्यासाठी पानापासून सुरुवात करावी लागते. मेंदीच्या हिरव्या पानात रंग तयार स्वरूपात नसतो. तो साखरेच्या रेणूला जोडून, बांधून ठेवलेला असतो आणि त्या अवस्थेत त्याला स्वतःचा रंग नसतो. म्हणून कोरडी पावडर हातावर चोळली तर काहीच होत नाही. आपण पावडर भिजवतो तेव्हा पानातलंच एक एन्झाइम कामाला लागतं, ती साखर तोडतं, आणि सुटलेला भाग हवेतला ऑक्सिजन घेऊन एका रंगद्रव्यात बदलतो. त्याचं नाव लॉसोन. भिजवलेल्या मेंदीचा वरचा थर तपकिरी होतो आणि चमच्याने उकरलं की आत हिरवी असते, ते याचमुळे. वरच्या थराला हवा मिळाली, आतल्याला नाही. शंभर ग्रॅम चांगल्या पावडरीत हे लॉसोन जेमतेम एक-दोन ग्रॅम निघतं.

इथे आपल्या नागपूरचं हवामान मध्ये येतं. मे महिन्यात माझ्या स्वयंपाकघरात भिजवलेली मेंदी चार-पाच तासांत तयार होते. तीच डिसेंबरमध्ये रात्रभर ठेवावी लागते. तयार झाली की नाही हे घड्याळाला विचारू नका, तळहाताला विचारा. वाटाण्याएवढा गोळा तळहातावर ठेवा, पाच मिनिटांनी पुसा. स्पष्ट नारिंगी डाग उठला तर मेंदी तयार. फिकट पिवळसर उठला तर अजून थांबा. आणि उन्हाळ्यात दोन दिवस बाहेर राहिलेली मेंदी पुन्हा फिकट रंगते, कारण सुटलेलं लॉसोन तोवर वाया गेलेलं असतं. म्हणून तयार झाली की कोन भरून थेट फ्रीझरमध्ये.

आता हे लॉसोन मुळातच नारिंगी असतं. हाच त्या पहिल्या प्रश्नाचा अर्धा भाग. खरवडल्यावर जो रंग दिसतो तो लॉसोनचा स्वतःचा, ताजा रंग. तो दिसला म्हणजे मेंदी रंगली नाही, असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

उरलेला अर्धा भाग कातडीत आहे. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा पापुद्रा मेलेल्या पेशींचा असतो आणि त्यात केराटिन नावाचं प्रथिन भरलेलं असतं. नखात आणि केसातही तेच. लेप ओला असेपर्यंत लॉसोन हळूहळू या थरांमध्ये झिरपतं आणि केराटिनला रासायनिक बंधाने चिकटतं. म्हणूनच साबणाने धुऊन ते निघत नाही. लेप काढल्यावर नवीन रंग आत येणं थांबतं, पण जे आत बसलंय ते शांत बसत नाही. हवेतला ऑक्सिजन त्याच्यापर्यंत पोचत राहतो, ते सावकाश ऑक्सिडाइझ होतं आणि नारिंगीकडून तांबड्याकडे, तांबड्याकडून तपकिरीकडे सरकतं. वांगं चिरून ठेवलं की पांढरा भाग काळवंडतो ना, तसं. रसायनं वेगळी आहेत, पण हवेनं रंग बदलण्याची तऱ्हा तीच. पहिल्या चोवीस तासांत हा बदल वेगाने होतो, मग मंदावतो आणि साधारण अठ्ठेचाळीस तासांनी थांबतो.

[डाव्या हाताचा तळवा, मग मनगट.]

हे बघा, एकाच वेळी लावलेली मेंदी. तळहातावर चिंचेसारखी, मनगटावर मात्र जेमतेम विटकरी. कारण तळहात आणि तळपाय यांच्यावर तो मेलेल्या पेशींचा थर कितीतरी जाड असतो. जाड थरात जास्त रंग मावतो. मनगटाचा आणि दंडाचा थर पातळ, म्हणून तिथे कितीही तास ठेवा, तळहाताची बरोबरी होत नाही. वरच्या पेशींमध्ये रंग सगळ्यात दाट असतो, खाली खाली विरळ. रोज वरच्या पेशी झडतात, म्हणून आठ-दहा दिवसांनी मेंदी पुन्हा नारिंगी दिसायला लागते. तो खालच्या विरळ थराचा रंग असतो.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ केला, ती गोष्ट. दोन वर्षांपूर्वी माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं. गुरुवारी संध्याकाळचा मुहूर्त. मेंदी बुधवारी दुपारी चारला सुरू झाली, कारण मंगळवारी हळद होती आणि मेंदीवाल्या ताईंना बुधवारच मोकळा होता. कूलर जोरात सुरू होता आणि ती नेमकी त्याच्यासमोर हात पसरून बसली. रात्री दहाला तिने मेंदी खरवडली आणि हात नळाखाली धरून साबणाने स्वच्छ धुतले. गुरुवारी सकाळी आत्या तिचे हात पाहून म्हणाली, "अवं माय, हे तं संत्र्याच्या सालावानी दिसून राहिलं! काहून वं, मेंदी चढलीच नाही?"

पोरगी रडायला आली. मग कोणीतरी पानठेल्यावरून चुन्याची पुडी आणली. चुना चोळला आणि खरंच, मिनिटाभरात रंग लालभडक झाला. सगळ्यांना वाटलं, जमलं. अर्ध्या तासात तिचे तळहात चुरचुरायला लागले, आणि मांडवात ती ओल्या रुमालात हात गुंडाळून बसली.

त्यात काय झालं ते बघू. लॉसोन आम्लात फिकट आणि अल्कलीत गडद लाल दिसतं. चुना तीव्र अल्कली आहे, म्हणून रंग झटकन बदलला. तो जो संथ ऑक्सिडेशनचा बदल आहे, तो असा घाईने आणता येत नाही. चुन्याने दिसतो तो तात्पुरता रंग, आणि चुना कातडी भाजतो हे तर आपल्याकडे खर्रा खाणाऱ्यांची तोंडं बघून कळतंच. कृपा करून नवरीच्या हाताला चुना लावू नका.

खरं तर तिची मेंदी वाईट रंगली नव्हती. तिला वेळच मिळाला नव्हता. खरवडल्यापासून मांडवात उभं राहीपर्यंत वीस तास गेले होते, आणि त्यातही सुरुवातीलाच साबण-पाणी. ताज्या रंगाला पहिले चोवीस तास पाणी सोसत नाही, तो पुढे गडद होतो पण जेवढा व्हायला हवा तेवढा नाही. शुक्रवारी सकाळी, पाठवणी झाल्यावर, तिने सासरहून फोटो पाठवला. हात छान तपकिरी-लाल. लग्नाच्या एकाही फोटोत तो रंग नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून तारीख उलट्या दिशेने मोजा. गुरुवारी संध्याकाळी लग्न असेल तर मेंदी मंगळवारी दुपारी लावून रात्री खरवडलेली हवी. म्हणजे मुहूर्तापर्यंत पंचेचाळीस तासांच्या आसपास मिळतात. हळद मेंदीच्या आधी उरकून घ्या, सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी. मेंदीनंतर हळद केली तर उटणं, घासणं आणि आंघोळ, तिन्ही त्या वरच्या थरावरच जातात.

लेप निदान सहा तास ओलसर राहू द्या. लॉसोन ओल्या लेपातूनच कातडीत उतरतं, कोरडा खडखडीत लेप नुसता अंगावर बसून असतो. लिंबू-साखरेचं पाणी कापसाने टिपतात ते यासाठी. साखर ओल धरते आणि लेप चिकटून राहतो. हात उबदार हवेत, म्हणून कूलरच्या झोतापासून दूर बसा. तव्यावर लवंगा टाकून त्यांच्या धुरावर हात धरायची आपल्याकडे पद्धत आहे. त्यात ऊब नक्कीच कामाला येते. हात मात्र वीतभर उंच ठेवा, तवा तवाच असतो. मग कोरड्या हाताने किंवा सुरीच्या बोथट बाजूने खरवडा आणि खोबरेल किंवा तिळाचं तेल लावा. आंघोळ करावीच लागली तर आधी तेलाचा दाट हात फिरवा.

[टेबलावर दोन कोन. एक घरचा, एक बाजारातला, नाव कागदाने झाकलेलं.]

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. आता तुम्हाला माहीत आहे की खरी मेंदी आधी नारिंगीच दिसते. मग जो कोन वीस मिनिटांत गडद तपकिरी किंवा काळा रंग देतो, त्यात मेंदीशिवाय काहीतरी आहे. काळ्या मेंदीत बऱ्याचदा केसांच्या डायमधलं पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलिनडायअमिन मिसळतात. काहींना त्याने काही तासांत नाही तर दोन-तीन दिवसांनी, कधी त्याहून उशिरा, नक्षीच्याच आकाराचे फोड येतात. एकदा ही ॲलर्जी बसली की ती सहसा आयुष्यभर राहते, आणि पुढे केसांना डाय लावला तरी चेहरा सुजतो. लहान मुलींच्या हातावर असा कोन अजिबात नको.

हा बाजारातला कोन मी हाताला लावणार नाही. याचा थेंब मी या पांढऱ्या कागदावर ठेवते, शेजारी घरच्या कोनाचा. पाच मिनिटं.

[पाच मिनिटांनंतर. कागद जवळून.]

घरच्या थेंबाच्या कडेने पिवळट-नारिंगी ओल पसरली आहे. दुसऱ्याच्या कडेने काळपट जांभळी. मेंदीच्या पानात हा रंग नाही. हा कोन कचऱ्यात जातो, आणि माझ्या चौथ्या ठिपक्याचा फोटो मी मंगळवारी सकाळी दहाला टाकते.